प्रशासकीय विवेकाधिकारावर वाचनयादी मागणारा ई-मेल प्राध्यापकांना कसा लिहावा

प्रशासकीय विवेकाधिकार हा विषय लघुप्रबंधासाठी घेतला की बहुतेक विद्यार्थ्यांची सुरुवातीलाच एक अडचण होते. पाठ्यपुस्तकात या विषयावर एखाद-दोन प्रकरणे असतात आणि ती दोन बैठकांत वाचून संपतात. याउलट न्यायनिर्णयांच्या कुठल्याही संकेतस्थळावर ‘डिस्क्रिशन’ हा शब्द टाकला तर इतके निकाल समोर येतात की कोठून हात घालावा तेच कळत नाही. मग विद्यार्थी प्राध्यापकांना लिहितो: ‘सर, मी प्रशासकीय विवेकाधिकारावर लघुप्रबंध लिहीत आहे, कृपया वाचनयादी पाठवावी.’ अशा ई-मेलला अनेकदा उत्तरच येत नाही, आणि आले तरी अभ्यासक्रमाच्या शेवटी छापलेल्या चार-पाच पुस्तकांची नावेच परत येतात. त्यात प्राध्यापकांची टाळाटाळ असतेच असे नाही. या विषयावरच्या साहित्यातून निवड करायची तर निवडीला काहीतरी निकष हवा, आणि तो या एका वाक्यात कोठेच मिळत नाही.

हा निकष ई-मेलमध्ये कसा आणायचा, हे या लेखात एका प्रत्यक्ष विषयाच्या आधारे पाहू. उदाहरणासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 56 खालील हद्दपारीचा, म्हणजे बोलीत ज्याला तडीपारी म्हणतात त्या आदेशाचा विषय घेतला आहे. अधिकाऱ्याला किती मोकळीक आहे, ती तो कशी वापरतो आणि न्यायालय तिला कोठे आवर घालते, हे तिन्ही प्रश्न त्यात एकत्र आणि अगदी स्पष्ट दिसतात.

आधी कपाट ठरवा

विवेकाधिकारावरचे साहित्य ढोबळमानाने तीन वेगळ्या कपाटांत ठेवलेले असते. एका कपाटातली पुस्तके दुसऱ्या कपाटातल्या प्रश्नाला फारशी उपयोगी पडत नाहीत. आपला प्रश्न कोणत्या कपाटातला आहे हे ठरल्याशिवाय ई-मेल लिहायला बसू नये.

पहिल्या कपाटात अधिकार देणाऱ्या कायद्याचा प्रश्न आहे. विधिमंडळाने अधिकाऱ्याला निवडीचा अधिकार दिला, पण तो कसा वापरावा याचे मार्गदर्शक तत्त्व कायद्यात घातले नाही, तर ते कलम संविधानाच्या अनुच्छेद 14 समोर टिकते का, हा तो प्रश्न. पश्चिम बंगाल राज्य वि. अन्वर अली सरकार हा 1952 चा निकाल येथला पहिला मुक्काम. कोणते खटले विशेष न्यायालयाकडे पाठवायचे हे कसल्याही निकषाशिवाय शासनावर सोडलेले होते, म्हणून तो अधिकार तेथे टिकला नाही. हद्दपारीच्या कलमांवरही या बाजूने आव्हाने झाली. 1956 च्या हरी खेमू गवळी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम 57 बहुमताने वैध ठरवले. त्यामुळे कलम वैध की अवैध एवढाच प्रश्न घेऊन कोणी या विषयावर लघुप्रबंध करणार असेल, तर त्याला आधी या निकालाला सामोरे जावे लागेल.

दुसऱ्या कपाटात कचेरी आहे. कायद्याने दिलेली मोकळीक अधिकारी रोजच्या कामात कशी वापरतो, फायलींचा ढीग, वरिष्ठांची अपेक्षा आणि वेळेची चणचण यांतून निर्णय कसे घडतात, हा येथला विषय. मायकेल लिप्स्की यांचे 1980 चे ‘स्ट्रीट-लेव्हल ब्युरोक्रसी’ हे येथले आधारग्रंथ म्हणावे असे पुस्तक आहे. पोलीस, शिक्षक, मदत-कार्यालयातला कर्मचारी यांनी लोकांशी थेट व्यवहार करताना घेतलेले निर्णय एकत्र केले की प्रत्यक्षातले धोरण तेच ठरते, असे त्याचे प्रतिपादन आहे. लोकप्रशासन आणि समाजशास्त्र या विभागांतले प्राध्यापक या कपाटाशी अधिक परिचित असतात. कायद्याच्या विभागातले अनेक जण त्याकडे क्वचितच वळतात.

तिसऱ्या कपाटात न्यायालयीन पुनर्विलोकन आहे आणि आपल्याकडचे बहुतेक लघुप्रबंध तेथेच जातात. अधिकाऱ्याने अप्रस्तुत गोष्टी विचारात घेतल्या का, दुसऱ्याच्या सांगण्यावरून निर्णय घेतला का, त्याच्यासमोर काही सामग्री होती का, आणि निर्णय इतका अवाजवी होता का की कोणताही समंजस अधिकारी तो घेणार नाही, हे प्रश्न येथे येतात. इंग्लंडमधला वेन्सबरी खटला आणि आपल्याकडचा बेरियम केमिकल्स खटला ही येथली परिचित नावे.

या तिन्हींच्या मध्ये एक पुस्तक उभे आहे आणि माझ्या मते नवख्याने त्याच्याशी लवकर ओळख करून घ्यावी. केनेथ कल्प डेव्हिस यांचे ‘डिस्क्रिशनरी जस्टिस’ 1969 मध्ये आले. अन्याय बहुधा न्यायालयात न पोहोचणाऱ्या निर्णयांतच होतो, म्हणून विवेकाधिकार आधी नियमांनी मर्यादित करावा, मग त्याच्या वापराला शिस्त लावावी आणि शेवटी त्यावर तपासणी ठेवावी, अशी त्याची मांडणी आहे. आपला प्रश्न यांपैकी कोणत्या टप्प्यावरचा आहे हे सांगता आले, तर ई-मेलचे निम्मे काम झाले.

लिहिण्याआधीचे वाचन

वाचनयादी मागण्याआधी थोडे वाचन झालेले असावे, हा शिष्टाचाराचा भाग आहेच. पण त्याचे खरे कारण वेगळे आहे. न वाचता आपल्याला नेमके कोठे अडले आहे हे कळत नाही, आणि प्राध्यापकांना नेमके तेच सांगायचे असते. या तयारीला फार दिवस लागत नाहीत. एका पाठ्यपुस्तकातले विवेकाधिकाराचे प्रकरण, आपल्या विषयाची मूळ कलमे आणि एक अलीकडचा निकाल एवढे पुरते.

पाठ्यपुस्तक म्हणून एस. पी. साठे किंवा एम. पी. जैन व एस. एन. जैन यांचे प्रशासकीय कायद्यावरचे पुस्तक बहुतेक विधी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत असते. त्यानंतर अधिनियमाची कलमे सलग वाचावीत, गाईडमधला सारांश वाचून भागवू नये. कलम 56 मध्ये दोन मुख्य आधार आहेत. एखाद्याच्या हालचालींमुळे लोकांच्या जिवाला किंवा मालमत्तेला भीती, धोका वा इजा पोहोचते, हा एक. बळजबरी किंवा हिंसेचा, अथवा कलमात सांगितलेल्या प्रकारचा गुन्हा तो करीत आहे किंवा करण्याच्या बेतात आहे असे मानण्यास वाजवी कारण आहे, आणि साक्षीदार स्वतःच्या सुरक्षिततेच्या भीतीने उघडपणे साक्ष द्यायला तयार नाहीत असे अधिकाऱ्याचे मत झाले आहे, हा दुसरा. कलम 58 नुसार हद्दपारीची मुदत दोन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही. कलम 59 नुसार त्या माणसाला आरोपांचे केवळ साधारण स्वरूप कळवून बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. कलम 60 मध्ये राज्य शासनाकडे तीस दिवसांत अपील आहे, आणि कलम 61 मध्ये आदेशाला न्यायालयात कोणत्या मोजक्या कारणांवर आव्हान देता येईल हे सांगितले आहे. ही पाच कलमे समोर ठेवली की विवेकाधिकार कोठे सुरू होतो आणि कोठे अडतो, हे कागदावर बोट ठेवून दाखवता येते.

मग एक नवा निकाल घ्यावा. दीपक लक्ष्मण डोंगरे वि. महाराष्ट्र राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2022 चा निकाल त्यासाठी उत्तम आहे. त्यात अर्जदाराला जालना जिल्ह्यातून पूर्ण दोन वर्षांसाठी हद्दपार केले होते. हद्दपारी हा देशात मुक्तपणे वावरण्याच्या मूलभूत हक्कावर घाला घालणारा असाधारण उपाय आहे, म्हणून तो क्वचितच वापरावा, असे न्यायालयाने म्हटले. अधिकाऱ्याने लांबलचक न्यायपत्र लिहावे अशी अपेक्षा नाही. मात्र वस्तुनिष्ठ सामग्रीच्या आधारे आपले समाधान झाल्याचे आदेशात दिसले पाहिजे, आणि कमाल मुदत द्यायची असेल तर तिच्यापुरता विचार केल्याचेही दिसले पाहिजे, असे त्यात स्पष्ट केले आहे. आदेशाशी जिवंत संबंध नसलेले जुने गुन्हे त्याचा आधार होऊ शकत नाहीत, हेही त्यात आले आहे.

हा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या डिजिटल अहवालात किंवा इंडियन कानूनवर पैसे न देता वाचता येतो. त्यातून उल्लेखांचा माग काढत मागे गेले पाहिजे. या विषयात 1973 मध्ये अहवालात आलेला पंढरीनाथ श्रीधर रांगणेकर खटला टाळताच येत नाही. साक्षीदार पुढे यायला घाबरतात म्हणूनच हा अधिकार आहे, त्यामुळे आरोपांचा तपशील देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, साधारण स्वरूप कळवले की पुरे, असे तेथे ठरले.

हे दोन निकाल शेजारी ठेवल्यावर एक खरी अडचण दिसू लागते. रांगणेकर निकालामुळे हद्दपार होणाऱ्या माणसाला गोपनीय जबाबांचा तपशील मिळत नाही. 2022 च्या निकालामुळे न्यायालय अधिकाऱ्याकडे वस्तुनिष्ठ सामग्री मागते. मग ज्या सामग्रीला प्रतिपक्षाने कधी उत्तरच दिलेले नाही, तिच्यावर आधारलेले समाधान न्यायालय कितपत तपासू शकते? हा प्रश्न पाठ्यपुस्तकात सुटा असा दिलेला नसतो. तो सापडला म्हणजे आता प्राध्यापकांना लिहायला हरकत नाही.

कोणाला लिहायचे

आपला प्रश्न ज्या कपाटातला आहे, त्यावर ज्यांचे काम आहे अशाच व्यक्तीला लिहावे. विभागाच्या संकेतस्थळावरची प्रकाशनांची यादी पाहिली तर दहा मिनिटांत हे कळते. पुनर्विलोकनावर लिहिणाऱ्या प्राध्यापकांना अधिकाऱ्यांच्या वर्तनावरचे क्षेत्रीय अभ्यास विचारले, तर ते सौजन्याने दुसऱ्याचे नाव सांगतील आणि आपला आठवडा जाईल. लघुप्रबंधाचे मार्गदर्शक वेगळे असतील, तर त्यांना आधी सांगावे आणि तसे ई-मेलमध्येही लिहावे. आपल्या विभागांत ही गोष्ट बारकाईने पाहिली जाते आणि ते योग्यच आहे. मार्गदर्शकाला वगळून कोणी विद्यार्थ्याला दिशा दिली तर पुढे त्या विद्यार्थ्याचीच ओढाताण होते. एकच ई-मेल चार प्राध्यापकांना एकदम पाठवू नये. चौघांनाही वाटते की उरलेल्या तिघांपैकी कोणी उत्तर देईल.

ई-मेल

आता पूर्ण मसुदा पाहू. विषयाच्या ओळीत अभ्यासक्रम, विषय आणि विनंती या तिन्ही गोष्टी याव्यात. ‘मदत हवी’ किंवा ‘अर्जंट’ असे शब्द तेथे नकोत. विद्यापीठाने दिलेला ई-मेल पत्ता असेल तर तोच वापरावा.

> विषय: एलएल.एम. लघुप्रबंध – हद्दपारीच्या आदेशांतील विवेकाधिकार – वाचनाबाबत विनंती
>
> आदरणीय सर,
>
> सादर नमस्कार.
>
> मी एलएल.एम.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी असून गेल्या वर्षी आपल्या प्रशासकीय कायद्याच्या तासांना होते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 56 खालील हद्दपारीचे आदेश हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे. माझ्या मार्गदर्शक मॅडमशी बोलून, त्यांच्या संमतीने आपल्याला लिहीत आहे.
>
> माझा प्रश्न असा आहे: हद्दपारीचा आदेश गोपनीय जबाबांवर आधारलेला असतो आणि कलम 59 नुसार संबंधित व्यक्तीला आरोपांचे केवळ साधारण स्वरूप कळवले जाते, अशा वेळी अधिकाऱ्याच्या व्यक्तिनिष्ठ समाधानाची तपासणी न्यायालय कोणत्या कसोटीवर करते, आणि 2022 च्या डोंगरे निकालाने ती कसोटी बदलली का?
>
> आतापर्यंत मी साठे यांच्या पुस्तकातील विवेकाधिकाराचे प्रकरण, अधिनियमाची कलमे 55 ते 61, तसेच रांगणेकर (1973) आणि डोंगरे (2022) हे निकाल पूर्ण वाचले आहेत. बेरियम केमिकल्स निकालाचा फक्त पाठ्यपुस्तकातील सारांश वाचला आहे, मूळ निकाल अजून वाचलेला नाही.
>
> मला दोन ठिकाणी अडते आहे. रांगणेकर निकालात तपशील न देण्याची मुभा आहे आणि डोंगरे निकालात वस्तुनिष्ठ सामग्रीचा आग्रह आहे. या दोन्हींचा मेळ कसा घालावा यावर मला लेखन सापडलेले नाही. दुसरे म्हणजे, प्रतिपक्षाला न दाखवलेल्या सामग्रीवरील निर्णयांचे पुनर्विलोकन हा प्रश्न प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या साहित्यात शोधावा की प्रशासकीय कायद्याच्या, हे ठरवता येत नाही.
>
> या दोन मुद्द्यांवर आधी काय वाचावे, अशी तीन-चार पुस्तके, लेख किंवा निकाल आपण सुचवले तर मी आभारी राहीन. केवळ नावे पुरेशी आहेत. ग्रंथालयातून ती मी मिळवीन. आराखडा सादर करण्याची तारीख पुढील महिन्याची 15 आहे. लिहिण्यापेक्षा प्रत्यक्ष बोलणे आपल्याला सोयीचे असेल, तर आपल्या भेटीच्या वेळेत मी येऊ शकते.
>
> आपली विद्यार्थिनी,
> (पूर्ण नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, मार्गदर्शकांचे नाव)

या मसुद्यातल्या काही जागांकडे नीट पाहावे, कारण तेथेच बहुतेक ई-मेल घसरतात.

प्रश्नाचे वाक्य लांब आहे आणि ते तसेच असायला हवे. ‘हद्दपारीतील विवेकाधिकाराचा अभ्यास’ असे सुटसुटीत शीर्षक दिले असते, तर वाचणाऱ्याला तिन्ही कपाटे मोकळी राहिली असती. येथे कलम, सामग्रीचा प्रकार, कसोटी आणि वर्ष या चार गोष्टींमुळे प्रश्न तिसऱ्या कपाटाच्या एका खणापर्यंत आला आहे. हे वाक्य लिहिता येत नसेल तर ई-मेल अजून तयार झालेला नाही, असे खुशाल समजावे. अशा वेळी विनंतीचे शब्द कितीही सजवले तरी उपयोग होत नाही. पुन्हा निकालांकडेच जावे लागते.

वाचलेल्या गोष्टींत मूळ वाचलेले आणि सारांशातून कळलेले वेगळे केले आहे. प्राध्यापक यादी याच आधारावर ठरवतात. बेरियम केमिकल्स मूळ वाचलेला नाही हे कळल्यावर ते कदाचित तोच पहिला सांगतील, कारण वस्तुनिष्ठ परिस्थिती अस्तित्वात होती का हे न्यायालय पाहू शकते, ती पुरेशी होती का हे मात्र पाहू शकत नाही, हा भेद त्यात आहे आणि हद्दपारीचा सगळा युक्तिवाद त्याच रेषेवर चालतो. न वाचलेले वाचले म्हणून सांगितले, तर हा सल्ला मिळतच नाही. शिवाय ते लपतही नाही. वेन्सबरी खटल्याचा निर्णय 1947 चा आणि त्याचा अहवाल 1948 चा, बेरियम केमिकल्सचा निर्णय 1966 चा आणि अहवाल 1967 चा. ‘1948 मध्ये न्यायालयाने निर्णय दिला’ असे कोणी लिहिले की मूळ निकाल उघडलेला नाही हे जाणकाराच्या लगेच लक्षात येते.

मागणी तीन-चार नोंदींची आहे. संपूर्ण यादी मागितली तर प्राध्यापकांना अर्धा दिवस बसावे लागते आणि ते काम मागे पडत जाते. तीन-चार नावे त्यांना फोनवरूनही दोन मिनिटांत लिहिता येतात. पुस्तकांच्या पीडीएफ मागू नयेत. ज्यांनी वाट दाखवायची त्यांच्याकडून पोहोचवण्याचेही काम करून घेणे बरे दिसत नाही, आणि बहुतेक लेख विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या डेटाबेसवर मिळतात.

भाषेविषयी थोडेच. तासाला ज्या भाषेत संवाद होतो त्या भाषेत लिहावे. मराठीत लिहिताना ‘आपण’ हे संबोधन शेवटपर्यंत ठेवावे; मध्येच ‘तुम्ही’ आले की विस्कळीत दिसते. लघुप्रबंधाचा वीस पानी आराखडा न विचारता जोडू नये. प्रश्न ई-मेलमध्येच आहे; आराखडा हवा असेल तर ते मागतील.

उत्तर आल्यावर

ई-मेल आठवड्याच्या सुरुवातीला पाठवावा. परीक्षेचे आणि पेपर तपासणीचे दिवस टाळावेत. आठ-दहा दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच ई-मेलला जोडून दोन ओळींची एकच आठवण करावी. व्हॉट्सॲपवर ‘सर, मेल पाहिला का?’ असे विचारू नये. त्यानंतरही उत्तर नसेल तर विभागात त्यांच्या भेटीच्या वेळेत जाऊन विचारावे.

उत्तर बहुधा छोटे असते आणि कधीकधी अनपेक्षितही असते. वरच्या ई-मेलला असे उत्तर येऊ शकते: ‘बेरियम केमिकल्स मूळ वाचा. गोरधनदास भानजी पाहा. गॅलिगन यांच्या पुस्तकातली सुरुवातीची प्रकरणे. कलम 61 पुन्हा वाचा.’ विद्यार्थिनीला यातले दुसरे नाव विचित्र वाटेल, कारण गोरधनदास भानजी हा 1952 मध्ये अहवालात आलेला निकाल अंधेरीतल्या एका सिनेमागृहाच्या परवानगीचा आहे. हद्दपारीशी त्याचा काय संबंध? येथे ‘विषयाशी संबंध नाही’ म्हणून नाव बाजूला टाकले की सल्ल्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हातची जाते.

त्या खटल्यात मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी सिनेमागृह बांधण्याची परवानगी दिली होती आणि नंतर शासनाच्या निर्देशावरून ती रद्द झाल्याचे कळवले होते. नियमानुसार निर्णयाचा अधिकार आयुक्तांचा होता. न्यायालयाने पत्राचे शब्द पाहिले आणि हा निर्णय आयुक्तांचा नसून शासनाचा आहे, आयुक्तांनी केवळ तो पोहोचवला, असे ठरवले. ज्याला विवेकाधिकार दिला आहे त्यानेच तो वापरला पाहिजे. सार्वजनिक आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरूनच लावायचा, ‘माझ्या मनात असे होते’ हे अधिकाऱ्याचे नंतरचे स्पष्टीकरण त्यासाठी चालत नाही, हेही त्यात सांगितले आहे.

आता हद्दपारीची फाईल डोळ्यांसमोर आणावी. पोलीस ठाण्यातून प्रस्ताव निघतो, वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांमार्फत पुढे सरकतो, आणि पोलीस आयुक्तालयाबाहेरच्या क्षेत्रात अनेकदा उपविभागीय दंडाधिकारी आदेश काढतात. प्रस्तावातले परिच्छेद शब्दशः आदेशात उतरले असतील आणि खाली केवळ सही असेल, तर समाधान कोणाचे झाले, दंडाधिकाऱ्यांचे की प्रस्ताव लिहिणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचे? आणि उच्च न्यायालयात दाखल केलेल्या प्रतिज्ञापत्रात ‘मी सर्व सामग्री पाहिली होती’ असे लिहिले तर ते पुरे का? गोरधनदास निकाल हे दोन्ही प्रश्न हातात देतो आणि डोंगरे निकालातला ‘समाधान आदेशात दिसले पाहिजे’ हा आग्रह कोठून आला असावा, हे त्यातून उलगडू लागते. प्राध्यापकांनी विषयाचे नाव सोडून दोषाचा प्रकार पाहिला होता. विवेकाधिकाराच्या अभ्यासात निकाल असेच निवडायचे असतात: परवाना असो, बदली असो वा हद्दपारी, अधिकार वापरताना चूक कोणत्या प्रकारची झाली ते पाहून.

कलम 61 पुन्हा वाचण्याची सूचनाही तितकीच नेमकी आहे. त्या कलमानुसार आदेशाला आव्हानाची कारणे तीनच: कलम 59 मधली कार्यपद्धती पाळली नाही, आदेशाला आधार होईल अशी कोणतीही सामग्री अधिकाऱ्यापुढे नव्हती, किंवा साक्षीदार पुढे येत नाहीत असे त्याचे मतच झालेले नव्हते. म्हणजे सामग्री मुळीच नव्हती का, हे न्यायालयाने पाहावे हे कलमच सांगते. सामग्री पुरेशी होती का, याबद्दल ते काही बोलत नाही. अर्थात अनुच्छेद 226 खालचा उच्च न्यायालयाचा अधिकार या कलमाने संपत नाही. विद्यार्थिनीच्या प्रश्नातल्या ‘कसोटी’ या शब्दाला आता एक ठोस रूप येते: कलम 61 ची अरुंद तपासणी आणि अनुच्छेद 226 ची रुंद तपासणी यांत न्यायालये प्रत्यक्षात कोठे उभी राहतात, हे पाहायचे आहे.

गॅलिगन यांचे विवेकाधिकारावरचे पुस्तक 1986 चे आहे, वाचायला जड आहे आणि त्याचा भर तत्त्वचर्चेवर आहे. ते यादीत पहिले आले तरी निकालांनंतर वाचावे, म्हणजे त्यातल्या मांडणीला हाताशी उदाहरणे राहतात. आपल्या महाविद्यालयात ते नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या सूचीत पाहावे. तेथेही नसेल, तर कोणती प्रकरणे आवश्यक आहेत हे पुढच्या ई-मेलमध्ये विचारता येते.

उत्तर आले त्याच दिवशी आभाराची एक ओळ पाठवावी. खरा दुसरा ई-मेल मात्र वाचन झाल्यावरच लिहावा, साधारण तीन आठवड्यांनी, आणि तो पहिल्यापेक्षा छोटा असावा. त्यात काय वाचले आणि प्रश्नात काय बदल झाला एवढेच सांगावे. उदाहरणार्थ: ‘गोरधनदास आणि बेरियम केमिकल्स वाचल्यावर मी प्रश्न असा मर्यादित केला आहे: 2022 नंतर मुंबई उच्च न्यायालयाने हद्दपारीचे जे आदेश रद्द केले, त्यांत सामग्रीचा अभाव, मुदतीमागील विचाराचा अभाव आणि पोलिसांचा प्रस्ताव जसाच्या तसा उतरवणे, यांपैकी कोणता दोष न्यायालयाने आधार मानला? गॅलिगन यांच्या पुस्तकातील पहिली दोन प्रकरणे वाचली. पुढे वाचणे या प्रश्नासाठी आवश्यक आहे का, एवढेच विचारायचे होते.’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यातही देता येते. मार्गदर्शक मॅडमनाही या ई-मेलची प्रत पाठवावी, म्हणजे बदललेला प्रश्न त्यांना आराखड्याच्या बैठकीत प्रथमच ऐकावा लागणार नाही.